एक बोर्ड, तीनदा उठलेली बायोसची चर्चा आणि एकदाच झालेलं अपडेट

माझ्या आतेभावाच्या पीसीचं काही बिनसलं की तो आधी चार व्हिडिओ बघतो आणि मग मला फोन करतो. त्यामुळे फोन येतो तेव्हा उपाय ठरलेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. या वेळी तो म्हणाला, "दादा, गेम अडखळतोय. बायोस २०१९ चं आहे. अपडेट मारू ना?"

मी म्हटलं, "मारू नकोस. आधी अडखळतोय म्हणजे नेमकं काय होतंय ते सांग."

पीसी असा होता: बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅम, मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरच्या चिपमधलं फर्मवेअर, बोर्ड विकत घेतल्यापासून कुणी हलवलेलं नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत या एकाच बोर्डाच्या बायोसचा विषय तीनदा निघाला. त्यातलं एकदाच आम्ही अपडेट केलं. तिन्ही वेळचा विचार इथे लिहितो.

पहिली वेळ: संशय रास्त, पण चुकीच्या जागी

त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. रायझनच्या पीसीवर त्यासाठी बहुतेक वेळा वेगळी चिप नसते, प्रोसेसरचं फर्मवेअरच ते काम करतं आणि सेटिंगमध्ये ते fTPM या नावाने दिसतं. त्याची माहिती साठवायला बोर्डावरची बायोसचीच फ्लॅश चिप वापरली जाते. मार्च २०२२ मध्ये एएमडीने जाहीर केलं की काही यंत्रांवर या चिपशी चाललेला व्यवहार मध्येच लांबतो आणि तेवढा वेळ यंत्र थबकतं. त्यावरची दुरुस्ती AGESA 1.2.0.7 पासून आली. AGESA म्हणजे एएमडी बोर्ड बनवणाऱ्यांना देते तो मूळ कोड. बोर्डवाले त्यावर आपलं बायोस उभं करतात, म्हणून बायोसच्या प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात हा आकडा असतो. आतेभावाचं बायोस त्याच्या बरंच आधीचं होतं.

म्हणजे दुरुस्ती खरी, आणि ती त्याच्याकडे नाही हेही खरं. प्रश्न एवढाच होता की त्याला झालेला आजार तोच आहे का. fTPM मुळे यंत्र अडतं तेव्हा सगळंच अडतं. माउस जागच्या जागी थिजतो, आवाज खरखरतो किंवा एकच सूर ताणला जातो, आणि एकदोन सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. हे दिवसातून मोजक्या वेळा होतं आणि गेम चालू असलाच पाहिजे असं नाही, नुसता ब्राउझर उघडा असतानाही होतं.

मी विचारलं, "आवाज फाटतो का?" नाही. "डेस्कटॉपवर कधी झालंय?" कधीच नाही. "मग कुठे होतं?" शहराच्या बाजारात शिरलं की, आणि तिथे दर वेळी. मोकळ्या माळावर गेम लोण्यासारखा चालतो.

ही तर प्रोसेसर कमी पडत असल्याची खूण. खात्री करायला त्याला बाजारात एका जागी उभं राहून सेकंदाला किती फ्रेम येतात ते मोजायला सांगितलं. ७१ भरल्या. मग त्याच जागी रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणायला लावलं. ७३. ग्राफिक्स कार्डाचं काम इतकं हलकं करूनही फ्रेम वाढत नसतील, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलेलं आहे. कार्डाचा वापरही साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता.

नव्या बायोसने ३६०० चा ५७०० होत नाही. अपडेट टाकलं असतं तर बाजारात तेच ७१ दिसले असते, वर सगळी सेटिंग उडाली असती. म्हणून पहिल्या वेळी बायोसला हात लावला नाही.

दुसरी वेळ: आता पर्याय नव्हता

दोन महिन्यांनी त्याने रायझन ७ ५७००एक्स३डी घेतला. आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅश. गर्दीच्या दृश्यांत अडकणाऱ्या गेमला नेमकी तीच कॅश कामी येते. सॉकेट तेच, एएम४. पण हा प्रोसेसर जानेवारी २०२४ चा आणि बोर्डावरचं बायोस २०१९ चं. ते या प्रोसेसरला ओळखणारच नव्हतं. तसाच बसवला असता तर पंखे फिरले असते आणि पडदा काळाच राहिला असता. पुष्कळ जण इथे प्रोसेसर मेलेला आला असं समजून परत पाठवतात.

या कामात क्रम सगळ्यात महत्त्वाचा. बायोस बदलायचं ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. काही बोर्डांच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यात प्रोसेसर नसतानाही, नुसत्या वीजपुरवठ्यावर पेनड्राइव्हमधून बायोस लिहिता येतं. याच्या बोर्डाला ते नव्हतं, दुसरी राखीव बायोस चिपही नव्हती. म्हणजे अर्ध्यात वीज गेली तर चिमटा लावून बाहेरच्या प्रोग्रामरने चिप लिहिणं एवढीच वाट उरते. ते काम मी दोनदा केलंय, तिसऱ्यांदा करायची हौस नाही. म्हणून आधी यूपीएस जोडला.

मग बोर्ड नक्की कोणता ते पाहिलं. खोक्यावर विसंबू नये. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात आणि त्यांची बायोस फाइल वेगळी असू शकते. पॉवरशेलमध्ये हे दोन आदेश दिले:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

Version च्या रकान्यात काही बोर्ड निरर्थक मजकूर दाखवतात. म्हणून बाजूचं झाकण काढून बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला आवृत्तीचा आकडाही बॅटरीच्या उजेडात वाचून घेतला.

बोर्डाच्या पानावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली प्रोसेसरची यादी: ५७००एक्स३डी समोर कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. दुसरी म्हणजे तुमच्या आवृत्तीपासून हव्या त्या आवृत्तीपर्यंतची सगळी टिपणं. नुसतं वरचं टिपण वाचून भागत नाही. आमच्या बाबतीत मधल्या एका टिपणात लिहिलं होतं की आधी ही आवृत्ती टाका, मगच पुढे जा. आणखी वर एक ओळ होती की या आवृत्तीनंतर मागे परतता येणार नाही आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला आहे. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची असते. एएम४ वर इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर आले की सगळ्यांचा कोड तिच्यात मावेना, मग नवं घालायला जुनं काढावं लागलं. आतेभावाला त्या जुन्या प्रोसेसरांशी कर्तव्य नव्हतं. पण जुना प्रोसेसर वापरणारा कुणी उगाच वरची आवृत्ती टाकून बसला, तर त्याचा चांगला चालणारा पीसी बंद पडेल.

निवड करताना आम्ही यादीतली किमान आवृत्ती घेतली नाही आणि सगळ्यात वरची, बीटा लिहिलेलीही घेतली नाही. बीटा नसलेली शेवटची घेतली.

विंडोजमधलं कुलूप

"ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलीयेस का?" विचारलं तर म्हणाला, "छे, मी कशाला करू?" तरीही अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून `manage-bde -status` चालवलं आणि C: समोर Protection On आलं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की पुष्कळ यंत्रांवर ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. त्याची किल्ली टीपीएममध्ये असते. आम्ही आधी फर्मवेअर बदलणार होतो आणि मग प्रोसेसरच काढणार होतो, म्हणजे ते टीपीएमही त्याच्याबरोबर जाणार होतं. टीपीएमकडून किल्ली मिळाली नसती तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली असती, आणि ती हाताशी नसेल तर ड्राइव्हवरचं सगळं गेलं.

माझ्या मते बायोस अपडेटमध्ये लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. बोर्ड मेला तर बोर्ड बदलता येतो.

त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती की काढून कागदावर उतरवली, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने ताडायची असं करून. मग संरक्षण तात्पुरतं थांबवलं:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

शेवटचं शून्य महत्त्वाचं. ते नसेल तर एकदा रीस्टार्ट झाल्यावर संरक्षण आपणहून पुन्हा सुरू होतं, आणि आम्हाला तर कितीतरी वेळा रीस्टार्ट करायचं होतं.

प्रत्यक्ष लिहिणं

फाइल FAT32 केलेल्या पेनड्राइव्हवर टाकली. बायोसमध्ये शिरून फोनने प्रत्येक पानाचा फोटो काढला. बायोसमध्ये प्रोफाइल साठवायची सोय असते, पण जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नवी आवृत्ती बहुधा घेत नाही आणि घेतलं तरी त्यावर भरवसा नसतो. फोटोच बरे. मग Load Optimized Defaults करून एकदा रीस्टार्ट केलं, म्हणजे रॅम साध्या वेगाला आली. बायोसची फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून चिपवर लिहिली जाते. ओव्हरक्लॉक केलेली रॅम जरा जरी डळमळीत असेल, तर ती चूक चिपवर कायमची उतरू शकते.

विंडोजमधून चालणारी अपडेटची साधनं मी वापरत नाही. मागे अँटिव्हायरस, गेमचे लाँचर आणि आणखी दहा गोष्टी चालू असतात. बायोसच्या आतलं साधन उघडून आधी मधली आवृत्ती टाकली, सुरू होऊ दिलं, मग शेवटची. एकेकाला पाचेक मिनिटं लागली.

दुसऱ्या वेळी रीस्टार्ट झाल्यावर पडदा काळाच राहिला. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. आतेभावाचा हात पॉवरच्या बटणाकडे गेला, मी तो धरला. नव्या फर्मवेअरला रॅमची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि त्या वेळी यंत्र आपलं आपणच दोनतीनदा बंद-चालू होतं. मी अशा वेळी दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसतो. इथे दीड मिनिटात चित्र आलं.

नवा प्रोसेसर त्याच दिवशी बसवू दिला नाही. तो वैतागला, पण माझा हट्ट होता की एक दिवस जुन्याच प्रोसेसरवर खेळ. दोन्ही एकदम बदललं आणि काही बिघडलं, तर बोट कशाकडे दाखवायचं?

रात्रीच फोन आला. "दादा, तुझ्या अपडेटने वाट लावली. बाजारात ६० येतायत. आणि व्हॅलोरंट तर उघडतच नाही, VAN9003 म्हणतंय."

दोन्हीचं मूळ एकच होतं: सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २४०० दिसत होता. बायोसमध्ये रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारं XMP चालू केल्यावर ३२०० झाला आणि ७१ परत आले. नवं बायोस हळू आहे अशी ओरड ऐकली की मी पहिल्यांदा हाच आकडा विचारतो. VAN9003 म्हणजे Secure Boot, यंत्र सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, बंद आहे. फोटो बघून जुन्या पद्धतीने यंत्र सुरू करू देणारं CSM बंद केलं, Secure Boot चालू केलं, गेम उघडला. पंख्यांचा वेगही फोटोवरून पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर बदलला. त्याआधी अर्धा तास गेम चालवला, कारण एएम४ मध्ये थंड पेस्ट चिकटून कुलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. गरम असताना कुलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवला की सुटतो. ३६०० बरोबर आलेला छोटा कुलर या प्रोसेसरला पुरणारा नव्हता, तो आधीच बदलून ठेवला होता.

चालू करताच पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: नवा प्रोसेसर बसवला आहे, fTPM रीसेट करायचं तर Y दाबा, एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की शिवाय यंत्र सुरू होणार नाही, जुनी नोंद ठेवायची तर N. आतेभाऊ माझ्याकडे बघू लागला. संरक्षण थांबवलेलं, कागद समोर. "Y दाब." विंडोज सरळ उघडलं. कागदाची गरज पडली नाही. मग संरक्षण पुन्हा सुरू केलं:

```
manage-bde -protectors -enable C:
```

बाजारात त्याच जागी उभा राहून त्याने आकडा वाचला: १०४. झटकेही गेले.

तिसरी वेळ: जे टाकलं नाही

तीन आठवड्यांनी बोर्डाच्या पानावर नवं बीटा बायोस आलं. टिपणात दोन ओळी: नवं AGESA, आणि यंत्राची सुसंगती सुधारली. आतेभावाने फाइल उतरवून पेनड्राइव्हवर टाकूनही ठेवली होती.

मी विचारलं, "यातली कोणती ओळ तुझ्या पीसीबद्दल आहे?" पीसी उत्तम चालू होता. रॅम ३२०० ला स्थिर होती, कुठलं नवं हार्डवेअर येणार नव्हतं. सुसंगती सुधारली या ओळीतून काहीच कळत नाही. कुणाचं तरी काहीतरी चालत नव्हतं, ते आता चालतं, एवढंच. बदल्यात फोटो काढणं, संरक्षण थांबवणं, सगळी सेटिंग पुन्हा भरणं आणि राखीव चिप नसलेल्या बोर्डावर आणखी एक लेखन.

त्याने एक मुद्दा मात्र चांगला काढला: "पण सुरक्षेचं काय?" ते खरंच वेगळं प्रकरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एएमडीच्या प्रोसेसरांमधली सिंकक्लोज नावाची त्रुटी उघड झाली, आणि अशा त्रुटीची दुरुस्ती डेस्कटॉपवर बायोसमधूनच येते. पण तिचा वापर करायला हल्लेखोर आधीच विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचलेला असावा लागतो. ज्याच्या यंत्रात तो तिथवर पोचला, त्याचं नुकसान होऊन गेलेलंच असतं. भीती ही की अशा त्रुटीतून तो फर्मवेअरमध्ये मुक्काम ठोकू शकतो आणि विंडोज नव्याने टाकूनही जात नाही. म्हणून टिपणात सुरक्षेची त्रुटी नाव घेऊन लिहिलेली असेल तर मी ते अपडेट घेतो. पण बीटा नसलेलं, आणि आज रात्री घाईने न करता सवडीच्या दिवशी. या बीटाच्या टिपणात तसं काही नव्हतं. पेनड्राइव्ह रिकामा झाला.

त्यानंतर एकदाच फोन आला. रॅम ३६०० ला चालते का बघायला गेला आणि पडदा काळा. दहा मिनिटं थांबला, काही आलं नाही. मग बोर्डावरचा सीमॉस क्लिअरचा जंपर जोडून सेटिंग पुसली, जुने फोटो बघून XMP, CSM, Secure Boot एकेक भरलं. फोन केला तेव्हा काम उरकलेलं होतं. म्हणाला, "दादा, VAN9003 परत आला होता. या वेळी बायोसला शिव्या नाही घातल्या."